खात्यात पैसे होते, तरी हप्ता बाउन्स झाला: किमान शिल्लकेचा दंड आडवा येतो तेव्हा

“मावशी, पैसे टाकले होते गं मी. आदल्या दिवशीच टाकले होते. तरी बाउन्स कसा?”

भाच्याचा हा फोन मला ऑक्टोबरात आला. मी चाकणला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब लिहिते, त्यामुळे बँकेचं काहीही बिनसलं की घरातले फोन माझ्याकडेच येतात. पण हे एकट्या भाच्याचं नाही. कंपनी बदललेली पोरं, जुन्या खात्यावर चालू असलेला गाडीचा हप्ता, आणि महिन्याच्या पाच-सात तारखेला आलेला बाउन्सचा मेसेज, हे मी वर्षातून पाच-सहा वेळा तरी बघते. प्रत्येकाचं म्हणणं एकच असतं की हप्त्यापेक्षा जास्त पैसे टाकले होते. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

म्हणून भाच्याचं प्रकरण आकड्यांसकट सांगते. तुमचे आकडे वेगळे असतील, गुंता बहुधा हाच निघेल.

त्याचं पहिल्या कंपनीत पगाराचं खातं होतं, झिरो बॅलन्सचं. त्याच खात्यावर दुचाकीच्या कर्जाचं मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापून घ्यायची दिलेली परवानगी: दर महिन्याच्या 5 तारखेला 3,412 रुपये. एप्रिल 2025 मध्ये त्याने नोकरी बदलली, नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत खातं काढून दिलं, पगार तिकडे जायला लागला. गाडीचा हप्ता मात्र जुन्या खात्यावरच राहिला. दर महिन्याच्या 4 तारखेला संध्याकाळी तो यूपीआयने तिकडे 3,500 पाठवायचा. वर 88 रुपये शिल्लक. मे ते सप्टेंबर सगळं सुरळीत चाललं.

मध्ये काय झालं ते त्याला कळलंच नाही. पगाराचं खातं हे पगार येतो तोवरच झिरो बॅलन्सचं असतं. सलग काही महिने पगार आला नाही, बऱ्याच बँकांत ही मुदत तीन महिन्यांची असते, की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते. मग साध्या खात्याचा किमान शिल्लकेचा नियम त्यालाही लागतो. त्याच्या बाबतीत हे ऑगस्टमध्ये झालं. आता दरमहा सरासरी 5,000 रुपये हवे होते.

“पण 4 तारखेला साडेतीन हजार असतातच ना?” असं त्याचं म्हणणं. इथे सरासरी म्हणजे काय ते नीट बघायला हवं. रोज रात्री दिवसअखेर जी शिल्लक असते ती महिनाभर बेरीज करायची आणि दिवसांनी भागायची. त्याचा सप्टेंबर असा होता: 1 ते 3 तारखेला 124 रुपये, 4 तारखेच्या रात्री 3,624, आणि 5 तारखेला हप्ता गेल्यावर महिनाअखेरपर्यंत 212. बेरीज 9,508, भागिले 30, सरासरी 316 रुपये 93 पैसे. एका रात्रीपुरते आलेले साडेतीन हजार सरासरीत शंभर-सव्वाशेचीच भर घालतात.

कमी पडले 4,683 रुपये. त्याच्या बँकेचा दंड तुटीच्या 6 टक्के, म्हणजे 280.98. त्यावर 18 टक्के जीएसटी 50.58. एकूण 331 रुपये 56 पैसे.

3 ऑक्टोबरला बँकेच्या सिस्टीमने हा दंड वसूल करायला घेतला. खात्यात होते 212. तेवढे सगळे घेतले आणि खातं शून्यावर आणलं. नुसत्या या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे बँकेला तिथेच थांबावं लागलं. पण राहिलेले 119 रुपये 56 पैसे माफ झाले नाहीत. ते खात्यावर येणे म्हणून लावून ठेवले. याला बँकेच्या भाषेत लीन म्हणतात: पैसे आले की आधी हे कापून घ्यायचे, ही खातेदाराच्या पुढच्या पैशावर ठेवलेली चिठ्ठी.

4 तारखेला, शनिवारी संध्याकाळी, भाच्याने नेहमीप्रमाणे 3,500 टाकले. पैसे पोचले आणि लगेच 119.56 कापले गेले. उरले 3,380.44.

5 तारखेला सकाळी 3,412 मागायला मँडेट आलं. 31 रुपये 56 पैसे कमी पडले.

तेवढ्यासाठी हप्ता परत गेला. असे हप्ते आपोआप कापणारी जी यंत्रणा आहे, नॅच, तिच्यात अर्धवट हप्ता घ्यायची सोय नाही, पूर्ण रक्कम असेल तरच जाते. आणि “रविवार होता, रविवारी कसं कापतील” हाही त्याचा समज चुकीचा निघाला. 1 ऑगस्ट 2021 पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालतं.

इथपर्यंत नुकसान फार नव्हतं. खरा घोळ त्यानंतर झाला, आणि मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत तो इथेच होतो.

सोमवारी त्याने ॲप उघडलं, 3,380 दिसले, 32 कमी आहेत हे कळलं, आणि त्याने 50 रुपये टाकले. हप्ता बाउन्स झाल्याचा बँकेचा स्वतःचा दंड अजून लागायचा आहे, हे त्याच्या डोक्यात नव्हतं. 7 तारखेला तो लागला: 500 अधिक जीएसटी, 590 रुपये. शिल्लक 2,840.44. कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीने 10 तारखेला मँडेट पुन्हा पाठवलं. पुन्हा बाउन्स, पुन्हा 590. फायनान्स कंपनीचे दर बाउन्सला 450, ते वेगळे. 331.56, 1,180 आणि 900 मिळून 2,411 रुपये 56 पैसे, आणि सुरुवात झाली होती साडेएकतीस रुपयांवरून.

हेच कारण आहे का, ते कसं ओळखायचं

ॲपमधली छोटी यादी बघू नका, त्यात क्रम धड कळत नाही. हप्त्याच्या तारखेच्या आधीच्या दहा दिवसांचं पूर्ण स्टेटमेंट उतरवून घ्या, ज्यात प्रत्येक नोंदीपुढे त्या क्षणाची शिल्लक छापलेली असते. मग खालून वर या. बाउन्सची नोंद सापडली की तिच्या लगेच आधीची शिल्लक किती होती ते बघा, आणि त्याआधी तुम्ही न केलेली कुठली वजावट आहे ते शोधा. नोंदीचं नाव बँकेगणिक बदलतं, पण साधारण असं दिसतं:

```
MIN BAL CHGS
AMB CHRG
SMS CHGS
DEBIT CARD AMC
ACH RTN CHGS
```

पहिल्या दोन किमान शिल्लकेच्या. तिसरी मेसेजच्या सेवेची, ती बहुधा तिमाहीला एकदा लागते, म्हणून तीन-चार महिने ठीक गेलेला हप्ता एखाद्या महिन्यात अचानक अडकतो. चौथी कार्डाची वर्षाची फी. शेवटची म्हणजे आधीच्या बाउन्सचा दंड. ही नोंद हप्त्याच्या आधी दिसली तर समजा की आपण मागच्याच महिन्याचा बाउन्स अजून फेडतो आहोत. मेअखेरीला बाउन्स झाला असेल तर सरकारी विम्याचे 436 आणि 20 रुपये गेलेत का तेही पाहा, दोन्ही योजनांचा वार्षिक हप्ता त्याच सुमारास कापतात.

दुसरी खूण ॲपमध्येच सापडते. शिल्लक दोन ठिकाणी दिसते: एक एकूण आणि एक `Available Balance`. दोन्हींत फरक असेल तर मध्ये बहुधा लीन आहे. काही ॲपमध्ये `Lien Amount` किंवा `Hold Amount` असं सरळ लिहिलेलं असतं. पण बऱ्याच ठिकाणी खात्यात पैसे नसताना ही रक्कम कुठेच दिसत नाही, शून्यच शून्य दिसतं. म्हणून शाखेत किंवा ग्राहक सेवेला नेमका हाच प्रश्न विचारा: “माझ्या खात्यावर न वसूल झालेले चार्जेस किती आहेत?” नुसतं “बॅलन्स किती” विचारलंत तर त्या प्रश्नाचं उत्तर मिळेल आणि फोन ठेवला जाईल.

आणि दंडाची नोंद बाउन्सच्या नंतरची असेल तर कारण वेगळं असू शकतं. फायनान्स कंपनीकडून परत जाण्याचं कारण मागवा. शिल्लक अपुरी असं आलं तर हा लेख तुमचाच. सही जुळत नाही, मँडेट रद्द, खातं बंद असं काही आलं तर पैसे कितीही टाका, हप्ता जाणार नाही.

या महिन्याचा हप्ता कसा वाचवायचा

बाउन्स झाला की पहिली ऊर्मी खात्यात कमी पडलेले पैसे टाकायची असते. ती आवरा. जुन्या खात्यात टाकलेला रुपया आधी बँकेच्या येण्याकडे जातो, हप्त्याकडे नंतर. त्यापेक्षा हप्ता थेट फायनान्स कंपनीच्या ॲपवरून, चालू पगाराच्या खात्यातून भरा. लगेच त्यांच्या ग्राहक सेवेला कळवा की हप्ता भरलाय, या महिन्याचं मँडेट पुन्हा पाठवू नका, आणि त्याचा तक्रार क्रमांक घ्या. हे न कळवल्यास दोन गोष्टी होतात: खात्यात पैसे असतील तर हप्ता दोनदा जातो, नसतील तर दुसरा बाउन्स बसतो. भाच्याने 12 तारखेला असा थेट भरणा केला. 6 तारखेला केला असता तर दुसरा फटका वाचला असता.

फायनान्स कंपनीचा बाउन्स चार्ज त्याच वेळी भरलाच पाहिजे असं नसतं. आधी मूळ हप्ता भरा म्हणजे थकीत दिवस वाढत नाहीत, चार्जबद्दल नंतर भांडता येतं. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार कर्जावरचा दंड व्याजासारखा मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

पहिल्याच बाउन्सला “कलम 25 खाली गुन्हा” असा धमकीचा मेसेज येतो आणि पोरं घाबरतात. 2007 च्या पेमेंट कायद्यात ते कलम आहे हे खरं, चेक बाउन्ससारखंच आहे. पण त्याला आधी लेखी नोटीस आणि पैसे भरायला मुदत द्यावी लागते. हप्ता भरला की मेसेज बाजूला ठेवा.

पुढच्या महिन्यात पुन्हा का होतं

भाच्याच्या खात्यात दुसऱ्या बाउन्सनंतर 2,250.44 पडून होते. त्याने हिशेब केला: हप्त्याला 1,162 कमी, म्हणजे 4 नोव्हेंबरला 1,200 टाकू. मी थांबवलं. ऑक्टोबरची सरासरी काढली तर 2,233 येत होती. पाच हजाराला पावणेतीन हजार कमी, त्यावर 6 टक्के आणि जीएसटी, म्हणजे 195 रुपये 87 पैसे, 3 नोव्हेंबरच्या आसपास जाणार. 1,200 टाकून 3,254 झाले असते आणि हप्ता पुन्हा 158 रुपयांनी हुकला असता.

या चक्रातली मेख ही आहे. दंड मागच्या महिन्याच्या सरासरीवर निघतो, वसूल होतो पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि आपल्याकडचे बहुतेक हप्तेही 2 ते 10 तारखेच्या मध्ये असतात. त्यामुळे दंड आधी आणि हप्ता मागून, हा क्रम जवळजवळ ठरलेलाच. तात्पुरती सोय म्हणून इतकं करा: टाकायची रक्कम म्हणजे हप्ता, त्यात लीन, त्यात मागच्या महिन्याच्या सरासरीवर येणारा दंड, त्यात अजून न कापलेला बाउन्सचा 590 सारखा चार्ज, आणि वर दोन-तीनशे. पैसे निदान दोन दिवस आधी टाका आणि आदल्या रात्री `Available Balance` बघा. मँडेटची मागणी बहुतेक पहाटे-सकाळी येते, त्या दिवशी दुपारी पैसे टाकून उपयोग नाही.

पण हे दर महिन्याला करत बसणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. कायमचे उपाय दोनच मला पटतात.

पहिला, मँडेट पगाराच्या खात्यावर न्या. फायनान्स कंपनीकडे नवं ई-मँडेट नोंदवायचं, नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारच्या ओटीपीने ते होतं. नवीन मँडेट मंजूर झाल्याचा मेसेज आणि त्याचा `UMRN` क्रमांक आला, की एक हप्ता नव्या खात्यातून जाऊ द्या. तो गेला की मगच जुनं मँडेट रद्द करा, आणि खातं त्यानंतर बंद करा. हा क्रम उलटा करणारे खूप भेटतात. चिडून आधी खातं बंद करतात आणि मग हप्ता “खातं बंद” या कारणाने परत जातो.

दुसरा, खातं ठेवायचंच असेल तर त्याला बेसिक बचत खात्यात बदलायचा अर्ज द्या. त्याला किमान शिल्लक नाही. मात्र त्या बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही आणि महिन्यात मोफत पैसे काढण्यावर मर्यादा असते. किंवा किमान शिल्लकेचा दंडच नसलेली बँक निवडा: स्टेट बँकेने बचत खात्यांवरचा हा दंड मार्च 2020 मध्ये काढला, 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही काढला. पण खात्याचा प्रकार आपल्याला लागू आहे ना हे शाखेत विचारून घ्या, काही खास योजनांची खाती यातून वगळलेली असतात.

कापलेले पैसे परत मागायचे तर

इथे बरेचजण “बँकेने अन्याय केला” असा लांबलचक अर्ज करतात आणि दोन ओळींचं उत्तर मिळवतात. अर्जात एकच प्रश्न नेमका हवा: नोटीस कधी दिली?

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2014 मध्ये काढलेला आणि 1 एप्रिल 2015 पासून लागू केलेला नियम असा: शिल्लक कमी पडली की बँकेने आधी मेसेज, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, शिल्लक पूर्ववत करायला निदान एक महिना द्यायचा, आणि तोवर ती झाली नाही तरच दंड. शिवाय दंड तुटीच्या प्रमाणात हवा, सरसकट एकच रक्कम नको.

मी भाच्याचा फोन घेतला आणि कर्जाच्या ऑफर आणि ओटीपींच्या ढिगात खाली खाली गेले. किमान शिल्लक कमी असल्याचा मेसेज सापडला, 10 सप्टेंबरचा. दंड कापला 3 ऑक्टोबरला. तेवीस दिवस. महिना झालेलाच नव्हता.

मग शाखेत दिलेला अर्ज एवढाच:

“माझ्या खात्यात किमान शिल्लक कमी असल्याची सूचना मला 10 सप्टेंबर 2025 रोजी मिळाली. एक महिन्याची मुदत संपण्याआधीच 3 व 4 ऑक्टोबर रोजी दंडापोटी एकूण 331.56 रुपये वजा करण्यात आले. या वजावटीमुळे 5 ऑक्टोबरचा 3,412 रुपयांचा हप्ता 31.56 रुपयांनी कमी पडून परत गेला. वजावट झाली नसती तर शिल्लक 3,712 रुपये होती. तरी दंडाची रक्कम व त्यामुळे लागलेला बाउन्स चार्ज 590 रुपये परत जमा करावा. सोबत मेसेजचा स्क्रीनशॉट व स्टेटमेंट जोडले आहे.”

त्यातलं “वजावट झाली नसती तर शिल्लक 3,712” हे वाक्य सोडू नका. दंडामुळेच बाउन्स झाला हे त्याच्याशिवाय सिद्ध होत नाही. खात्यात मुळातच कमी पैसे असतील तर दंड चुकीचा ठरला तरी बाउन्स चार्ज परत मिळायचा नाही.

काउंटरवरच्या बाईंनी अर्ज वाचून “सिस्टीमने कापलंय, आमच्या हातात नसतं” असं सांगितलं. खरंच नसतं, त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पोच घेतली, तोच मजकूर बँकेच्या तक्रार पोर्टलवर टाकला. तीन आठवड्यांनी 331.56 आणि पहिला 590 परत आला. दुसरा 590 नाकारला, कारण 50 रुपये टाकून कमी शिल्लक ठेवणं ही आमची चूक, असं त्यांचं म्हणणं. मला ते मान्य करावं लागलं. फायनान्स कंपनीने बँकेचं उत्तर दाखवल्यावर एक 450 माफ केला. शेवटी गेले 1,040.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा तिथे लागतो, म्हणून ती पोच जपून ठेवा.

महिन्या-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्टही एकदा काढून बघा, वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्या महिन्याच्या चौकोनात `000` असेल तर प्रश्न नाही. थकीत दिवस लागले असतील तर बँकेचं दंड परत केल्याचं पत्र जोडून दुरुस्तीची मागणी करा. ती 30 दिवसांत झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते.

भाच्याचं नवं मँडेट 22 ऑक्टोबरला मंजूर झालं. नोव्हेंबरचा हप्ता पगाराच्या खात्यातून गेला, आणि महिनाअखेरीला तो जुन्या शाखेत खातं बंद करायला गेला तेव्हा ऑक्टोबरचे 195 रुपये 87 पैसे कापूनच उरलेले पैसे हातात आले.

“हेही भांडून घेऊ का?” त्याने तिथूनच फोन करून विचारलं.

नोटिशीला तोवर महिना उलटून गेला होता. “नको,” म्हटलं, “हे त्यांचेच आहेत.”